रोजा सोडला की सोडत होतो? गोष्टीतल्या गाळलेल्या जागा आणि इंग्रजीचे दोन भूतकाळ



आठवीच्या वर्गातल्या एका मुलीची इंग्रजीची वही आम्ही तपासत होतो. रमजानच्या संध्याकाळवर एक छोटी गोष्ट दिलेली होती, मधल्या क्रियापदांच्या जागा रिकाम्या होत्या आणि त्या भरायच्या होत्या. शेवटच्या वाक्यात तिनं लिहिलं होतं, ‘व्हेन वी हर्ड द अजान, वी वेअर ब्रेकिंग अवर फास्ट.’ आम्ही तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, “बेटा, अजान व्हायच्या आधीच तुम्ही खायला सुरुवात केली होती का?” ती एकदम दचकली. “नाही सर, अजान ऐकूनच सोडला.” मग आम्ही म्हटलं, “पण तू तर लिहिलंयस की अजान कानावर आली तेव्हा तुमचं खाणं आधीच चालू होतं.”

पोरगी गोंधळली, आणि तिचं गोंधळणं बरोबर होतं. तिनं नियम तोडला नव्हता, उलट पाळला होता. तिच्याकडच्या गाइडात एक ओळ छापलेली होती: ‘व्हेन’च्या वाक्यात साधा भूतकाळ, उरलेल्या वाक्यात चालू भूतकाळ. तिनं तो नियम जसाच्या तसा लावला आणि न केलेली चूक स्वतःच्या घराच्या नावावर लिहून मोकळी झाली.

गुण एकच गेला. पण इंग्रजीत काळ चुकला की घडलेली गोष्टच बदलते, हे त्या एका गुणापेक्षा मोठं आहे. म्हणून आज या एकाच प्रकारच्या प्रश्नावर बोलू या: गोष्ट दिलेली असते, एक काम चालू असतं, मध्येच दुसरं काही घडतं, आणि दोन्ही क्रियापदांची रूपं आपल्याला भरायची असतात. हा लेख मुलांसाठी आहेच, पण त्यांच्या अम्मी-अब्बांसाठी जास्त आहे. कारण हा प्रश्न सोडवायचं साधन आपल्या घरातल्या बोलण्यातच आहे, मुलांना ते फक्त दाखवून द्यावं लागतं.

दोन काळ म्हणजे दोन चित्रं

साधा भूतकाळ म्हणजे झालं आणि संपलं. ‘द लाइट्स वेंट आउट’, लाईट गेली. ‘समबडी नॉक्ड’, कुणीतरी दार वाजवलं. अशा एकेका क्रियापदानं गोष्ट एक पाऊल पुढं सरकते.

चालू भूतकाळ म्हणजे आपण बघितलं त्या क्षणी काम अर्ध्यात होतं. ‘अम्मी वॉज फ्राइंग भजीज’, अम्मी भजी तळत होती. सुरुवात आधी झालेली आहे, शेवट अजून व्हायचा आहे, आणि आपण मध्येच डोकावलो आहोत. यानं गोष्ट पुढं सरकत नाही, फक्त मागचा पडदा रंगतो.

अडथळ्याच्या वाक्यात ही दोन चित्रं एकत्र येतात. पडद्यावर काहीतरी चालू आहे आणि त्यावर एक घटना येऊन आदळते. ‘अम्मी वॉज फ्राइंग भजीज व्हेन द लाइट्स वेंट आउट.’ अम्मी भजी तळत होती, तेवढ्यात लाईट गेली. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, अडथळा आला म्हणजे काम बंद पडलंच असं नाही. गॅस चालू असेल तर अम्मी अंधारातही तळत राहिली असेल. इंग्रजी वाक्य एवढंच सांगतं की लाईट गेली त्या क्षणी तळणं अर्ध्यात होतं.

‘तेवढ्यात’ की ‘मग’?

आता घरात करता येण्यासारखी पहिली परीक्षा. दोन्ही क्रिया आपल्या भाषेत बोला आणि मध्ये कोणता शब्द शोभतो ते कानानं ठरवा. ‘तेवढ्यात’ शोभला तर आधीचं काम चालू भूतकाळात आणि नंतरची घटना साध्या भूतकाळात. ‘मग’ शोभला तर दोन्ही साध्या भूतकाळात. घरात उर्दू किंवा दखनी बोलत असाल तर हेच शब्द ‘इतने में’ आणि ‘फिर’ असे होतात, काम तेच करतात.

अजानच्या वाक्यावर ही परीक्षा लावून बघा. ‘आम्ही अजान ऐकली, मग रोजा सोडला.’ हे आपल्या घरात घडतं तसं आहे. एक झालं, त्यानंतर दुसरं झालं. म्हणून ‘व्हेन वी हर्ड द अजान, वी ब्रोक अवर फास्ट.’ दोन्हीकडं साधा भूतकाळ. आता दुसरं वाक्य घ्या. ‘आम्ही रोजा सोडत होतो, तेवढ्यात अजान झाली.’ हेही वाक्य बनतं. काही घरांत वेळापत्रक आणि घड्याळ बघून रोजा सोडतात, आणि मोहल्ल्यातली अजान मिनिटभर मागून येते. अशा घरातला मुलगा ‘वी वेअर ब्रेकिंग’ लिहील आणि ते त्याच्यासाठी खरं असेल. म्हणजे दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, पण सांगतात वेगवेगळं. कोणतं लिहायचं हे ‘व्हेन’ ठरवत नाही, काय घडलं ते ठरवतं.

गाइडातला नियम इथंच फसवतो. ‘व्हेन’ हा शब्द अडथळ्यासाठीही येतो आणि एकामागून एक घडलेल्या गोष्टींसाठीही येतो. आणखी एक उदाहरण बघा. ‘व्हेन अब्बा केम होम, अम्मी वॉज मेकिंग टी.’ अब्बा घरी आले तेव्हा चहा आधीच चुलीवर होता. ‘व्हेन अब्बा केम होम, अम्मी मेड टी.’ अब्बा आले, मग अम्मीनं चहा टाकला. दोन्ही बरोबर. मग परीक्षेत काय लिहायचं? पुढचं वाक्य वाचा. पुढं ‘त्यांना थांबावं लागलं नाही’ असं असेल तर चहा आधीपासून होत होता. पुढं ‘त्यांना दहा मिनिटं वाट पाहावी लागली’ असं असेल तर चहा नंतर टाकला. म्हणून आम्ही वर्गात सांगतो, गाळलेल्या जागा भरण्याआधी गोष्ट शेवटपर्यंत एकदा वाचा, पेन खाली ठेवून. मुलं पहिल्या ओळीपासूनच भरत सुटतात आणि पुढच्या ओळीत असलेला पुरावा त्यांना दिसतच नाही.

‘व्हाइल’ मात्र जरा भरवशाचा शब्द आहे. तो बहुतेक वेळा चालू असलेल्या कामाच्या बाजूला उभा राहतो. ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टू स्कूल, आय सॉ अ स्नेक.’ मराठीत आपण म्हणतो, ‘शाळेत जाताना मला साप दिसला.’ ‘जाताना’, ‘करताना’, ‘येत असताना’ असं रूप मराठीत आलं की इंग्रजीत तिथं चालू भूतकाळ असणार, असं धरून चालायला हरकत नाही. दोन कामं शेजारी-शेजारी चालू असतील, कुणीच कुणाला अडवत नसेल, तर दोन्हीकडं चालू भूतकाळ येतो: अम्मी तळत होती आणि बहीण खजूर धूत होती.

‘जात होतो’ची फसवणूक

आता दुसरी अडचण, आणि ही मराठीमुळं होते. मराठीत आपण म्हणतो, ‘लहानपणी मी रोज मदरशात जात होतो.’ आणि असंही म्हणतो, ‘मी मदरशात जात होतो, तेवढ्यात पाऊस आला.’ दोन्हीकडं शब्द तेच, ‘जात होतो’. पण पहिल्या वाक्यात सवय आहे, दुसऱ्यात त्या क्षणी चालू असलेलं काम आहे. मूल दोन्हीकडं ‘आय वॉज गोइंग’ लिहितं. पहिल्या ठिकाणी ते चुकतं. सवयीसाठी इंग्रजीत साधा भूतकाळ लागतो, ‘आय वेंट टू मदरसा एव्हरी डे’, नाहीतर ‘यूज्ड टू गो’.

इथं उर्दू येणाऱ्या घरांचं काम फार सोपं आहे. उर्दू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. सवय असेल तर ‘मैं रोज मदरसे जाता था.’ त्या क्षणी चालू असेल तर ‘मैं मदरसे जा रहा था.’ इंग्रजीतली सीमारेषाही याच जागी आहे. ‘जा रहा था’, ‘कर रही थी’, ‘खा रहे थे’ असं निघालं की ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आणि पुढं ‘इंग’वालं रूप. ‘जाता था’, ‘करती थी’ निघालं की साधा भूतकाळ. ज्यांच्या घरात फक्त मराठी आहे त्यांनी ‘जायचो’, ‘करायची’ असं म्हणून बघावं. ‘लहानपणी मी रोज मदरशात जायचो’ हे शोभतं, म्हणून ती सवय. ‘मी मदरशात जायचो, तेवढ्यात पाऊस आला’ हे कानाला खटकतं, म्हणून तिथं चालू काम.

पुष्कळ पालकांना वाटतं की घरात उर्दू बोलल्यानं मुलाचं इंग्रजी मागं पडतं. निदान या प्रश्नापुरतं तरी उलटं आहे. ‘रहा था’ ज्याच्या तोंडात आहे त्याला निम्मा नियम जन्मापासून येतो.

जिथं ‘रहा था’ पण हात वर करतो

पण ही परीक्षा सगळीकडं चालत नाही. कुठं चालत नाही ते माहीत नसेल तर हुशार मूलही चुकतं. अशा दोन जागा आहेत.

पहिली जागा बसणं, उभं राहणं, झोपणं, पडून असणं, कपडे अंगावर असणं. आपण म्हणतो, ‘दादी पलंगावर बसली होती.’ उर्दूत ‘दादी पलंग पे बैठी थी.’ इथं ‘बसत होती’ कुणी म्हणत नाही, ‘बैठ रही थी’ही म्हणत नाही. तसं म्हटलं तर दादी उभी होती आणि आत्ता खाली टेकतेय असा अर्थ होईल. पण इंग्रजीत दादीचं हे बसून असणं चालू काम धरतात: ‘दादी वॉज सिटिंग ऑन द बेड.’ तसंच ‘शेजारी दारात उभा होता’ म्हणजे ‘वॉज स्टँडिंग’, ‘बाळ झोपलं होतं’ म्हणजे ‘वॉज स्लीपिंग’, ‘किल्ली जमिनीवर पडली होती’ म्हणजे ‘वॉज लाइंग’, ‘त्यानं पांढरा कुर्ता घातला होता’ म्हणजे ‘वॉज वेअरिंग’. मराठीतलं ‘बसली होती’ बघून मुलं ‘हॅड सॅट’ लिहितात, कारण ‘होती’ आली की ‘हॅड’ असं त्यांनी पाठ केलेलं असतं. या पाच-सहा क्रियापदांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेली बरी. पाठ करायची गोष्ट एवढीच, बाकी सगळं कानावर सोडता येतं.

दुसरी जागा मनातल्या आणि मालकीच्या गोष्टींची. माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं, जवळ असणं. ‘मला मदत करायची होती’ म्हणजे ‘आय वॉन्टेड टू हेल्प’. ही इच्छा तासभर मनात असली तरी शाळेच्या इंग्रजीत ‘आय वॉज वॉन्टिंग’ होत नाही. ‘आय वॉज नोइंग’ होत नाही. ‘त्याच्याकडं टॉर्च होता’ म्हणजे ‘ही हॅड अ टॉर्च’. यांना सुरुवात-मध्य-शेवट असं दिसणारं काम नसतं, त्यामुळं ‘अर्ध्यात होतं’ असं म्हणताच येत नाही. मात्र ‘हॅव’चा अर्थ खाणं-पिणं असेल तर ते काम होतं, आणि मग ‘वी वेअर हॅविंग डिनर’ अगदी बरोबर.

लांब काम म्हणजे चालू भूतकाळ?

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे, की लांब काम चालू भूतकाळात आणि छोटं काम साध्या भूतकाळात. अर्धवट खरं आहे. अडथळा बहुतेक छोटा असतो, फोन वाजणं, दार वाजणं, पडणं, दिसणं. पण लांबी हा निकष नव्हे. ‘आम्ही वीस मिनिटं अंधारात बसलो.’ वीस मिनिटं म्हणजे लांबच, तरी इंग्रजीत ‘वी सॅट इन द डार्क फॉर ट्वेंटी मिनिट्स.’ का? कारण वीस मिनिटं मोजली म्हणजे ती संपली. आपण मध्येच डोकावलो नाही, पूर्ण गाठोडं बांधून समोर ठेवलं. ‘फॉर टू अवर्स’, ‘ऑल नाइट’, ‘फॉर टेन इयर्स’ असं मोजमाप दिसलं आणि मध्ये येणारी दुसरी घटना नसली, तर गाळलेल्या जागेत साधाच भूतकाळ अपेक्षित असतो.

उलटंही बघा. ‘वाजणं’ छोटं काम आहे, पण ‘व्हेन आय एंटर्ड द हाउस, द फोन वॉज रिंगिंग.’ मी घरात शिरलो तेव्हा फोन वाजत होता, म्हणजे आधीपासून वाजत होता. तोच फोन दुसऱ्या गोष्टीत अडथळा होतो: ‘आय वॉज स्टडिंग व्हेन द फोन रँग.’ क्रियापद तेच, जागा वेगळी, रूप वेगळं.

आता पूर्ण गोष्ट सोडवू या

त्या मुलीच्या प्रश्नासारखीच एक गोष्ट आम्ही बनवली आहे. बारा जागा रिकाम्या आहेत. आधी मुलाला वाचू द्या, मग उत्तरं बघा.

‘इट वॉज अ रमजान ईव्हनिंग. इट (१)____ आउटसाइड. अम्मी (२)____ भजीज इन द किचन अँड माय सिस्टर (३)____ द डेट्स. दादी (४)____ ऑन द बेड विथ अ तस्बीह इन हर हँड. आय (५)____ टू हेल्प अम्मी. सडनली द लाइट्स (६)____ आउट. व्हाइल आय (७)____ फॉर अ कँडल, समबडी (८)____ ऑन द डोर. व्हेन आय ओपन्ड इट, अवर नेबर (९)____ देअर विथ अ टॉर्च. वी थँक्ड हिम. वी (१०)____ इन द डार्क फॉर ट्वेंटी मिनिट्स. व्हेन वी (११)____ द अजान, वी (१२)____ अवर फास्ट.’

भरायची क्रियापदं क्रमानं अशी: रेन, फ्राय, वॉश, सिट, वॉन्ट, गो, लुक, नॉक, स्टँड, सिट, हिअर, ब्रेक.

पहिल्या चार जागा म्हणजे पडदा. अजून काहीच घडलेलं नाही, फक्त संध्याकाळ कशी होती ते सांगितलंय. पाऊस पडत होता, ‘बारिश हो रही थी’, म्हणून (१) ‘वॉज रेनिंग’. अम्मी तळत होती, (२) ‘वॉज फ्राइंग’. बहीण खजूर धूत होती, (३) ‘वॉज वॉशिंग’. चौथ्या जागेत ‘बसली होती’चा सापळा आहे. ‘रहा था’ची परीक्षा इथं लागत नाही, यादी आठवायची. (४) ‘वॉज सिटिंग’.

पाचवी जागाही पडद्याचाच भाग, पण क्रियापद मनातलं आहे. आधीच्या चारही ठिकाणी ‘वॉज’ लिहिलं म्हणून हात आपोआप ‘वॉज वॉन्टिंग’कडं वळतो. तिथं थांबायचं. (५) ‘वॉन्टेड’.

सहाव्या जागेत गोष्ट पहिल्यांदा हलते. ‘सडनली’ म्हणजेच आपलं ‘तेवढ्यात’. लाईट गेली, (६) ‘वेंट’. पुढं ‘व्हाइल’ आहे. मेणबत्ती शोधताना, ‘ढूंढ रहा था’, (७) ‘वॉज लुकिंग’. त्या शोधण्याच्या मध्ये दार वाजलं, (८) ‘नॉक्ड’. लिहिणारी मुलगी असो की मुलगा, ‘आय’सोबत ‘वॉज’च येतं, तिथं गोंधळ नको.

नववी जागा मुलं सर्वात जास्त चुकतात. दार उघडलं हे साध्या भूतकाळात दिलेलंच आहे. शेजारी दारात आधीपासून उभे होते. आपण दार उघडलं म्हणून ते उभे राहिले नाहीत. दारामागचं ते चित्र आपण मध्येच बघितलं. (९) ‘वॉज स्टँडिंग’. इथं ‘स्टूड’ लिहिलं तर वाक्य अगदीच मोडत नाही, कथाकार तसंही लिहितात. पण हा प्रश्न दोन काळांतला फरक तपासायला दिलेला आहे, म्हणून ‘वॉज स्टँडिंग’ हेच उत्तर धरा.

दहाव्या जागेत पुन्हा ‘सिट’ आलं आहे. चौथ्या जागेत ‘वॉज सिटिंग’ लिहिलं म्हणून इथंही ‘वेअर सिटिंग’ लिहायचा मोह होतो. पण इथं वीस मिनिटं मोजलेली आहेत आणि गोष्ट पुढं गेली आहे. शेजाऱ्यांचे आभार मानले, मग वीस मिनिटं बसलो, मग अजान झाली. (१०) ‘सॅट’.

शेवटच्या दोन जागांचं उत्तर आता मूल स्वतः सांगेल. अजान ऐकली, मग रोजा सोडला. (११) ‘हर्ड’, (१२) ‘ब्रोक’. आणि गोष्टीतच पुरावाही आहे, अजानपर्यंत ही मंडळी अंधारात बसून होती, कुणी तोंडाला काही लावल्याचा उल्लेख नाही.

तपासताना कुठं बघायचं

मुलाची वही तुम्हीच तपासणार असाल तर इंग्रजी फार यायला हवं असं नाही. तीन जागी नजर टाका. पहिली, ‘इंग’वालं रूप एकटं उभं आहे का? ‘अम्मी फ्राइंग भजीज’ असं दिसलं तर मधला ‘वॉज’ गळाला आहे. मराठीत ‘तळत होती’ म्हणताना आपण ‘होती’ खात नाही, तसं इंग्रजीतही खायचं नाही. दुसरी, माणसं अनेक असतील तर ‘वेअर’ आहे का? तिसरी, सलग पाच-सहा जागांमध्ये एकच काळ भरलेला आहे का? सगळीकडं ‘वॉज’ असेल तर गोष्टीत काही घडलंच नाही, आणि सगळीकडं साधा भूतकाळ असेल तर पडदा कोरा राहिला. दोन्ही वेळी मूल अर्थ न बघता भरत गेलं आहे असं समजा आणि त्याला एवढंच म्हणा, “ही गोष्ट मला आपल्या बोलीत सांग.”

सांगताना त्याच्या तोंडून ‘तेवढ्यात’ कुठं आला आणि ‘मग’ कुठं आला तिकडं कान द्या. त्या मुलीला आम्ही हेच करायला सांगितलं. तिनं घरच्या बोलीत सांगितलं, “अजान हुई, फिर हमने रोजा खोला.” सांगता-सांगताच ती थांबली, वही ओढून घेतली आणि ‘वेअर ब्रेकिंग’ खोडून वर ‘ब्रोक’ लिहिलं. मग आम्हाला विचारलं, “सर, मग दादीचं ‘सॅट’ पण चुकलं का?” आम्ही होकार दिला. शेवटच्या पानावरची यादी तिनं त्याच तासाला सुरू केली.